अभिरूप न्यायालयात अपिलार्थीची सुरुवात: बेकायदा बडतर्फी आणि साडेबावीस लाखांचा हिशेब

प्रश्न: आमच्या मराठी अभिरूप न्यायालय स्पर्धेत मी अपिलार्थीची पहिली वक्ता आहे, वेळ 15 मिनिटं. प्रॉब्लेम असा: खासगी कंपनीने एका व्यवस्थापकाला 1 एप्रिल 2021 पासून पाच वर्षांच्या करारावर नेमलं, पगार महिना 2 लाख. खंड 11: चोवीस महिने पूर्ण झाल्यावर कोणत्याही पक्षाला तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन करार संपवता येईल. खंड 12: गैरवर्तन असेल तर लेखी आरोप देऊन, म्हणणं ऐकून, नोटिशीशिवाय काढता येईल. 31 डिसेंबर 2021 ला ‘विश्वास उरला नाही’ एवढंच पत्र देऊन त्याच दिवशी काढलं. 1 ऑक्टोबर 2022 पासून त्याला दीड लाखाची दुसरी नोकरी आहे. दिवाणी न्यायालयाने बडतर्फी बेकायदा ठरवली, पण असा करार मुळातच कधीही संपवता येतो असं म्हणून तीन महिन्यांचे 6 लाखच दिले. अपील उच्च न्यायालयात आहे; कंपनीने अपील केलेलं नाही. सुरुवातीचं निवेदन कसं बांधू? पुनर्नियुक्ती मागू का?

उत्तर:

पुनर्नियुक्ती मागू नका. खासगी मालकावर नोकर लादायचा नाही हा नियम आपल्याकडे पक्का आहे. त्याला अपवाद तीनच, आणि ते उत्तर प्रदेश स्टेट वेअरहाउसिंग कॉर्पोरेशन विरुद्ध चंद्र किरण त्यागी (1969) आणि वैश्य डिग्री कॉलेज विरुद्ध लक्ष्मी नारायण (1976) या निकालांत स्पष्ट सांगितले आहेत: घटनेच्या अनुच्छेद 311 चं संरक्षण असलेला सरकारी नोकर, औद्योगिक कायद्याखालचा कामगार, आणि कायद्याने घातलेलं बंधन मोडणारी वैधानिक संस्था. तुमचा अशील यांपैकी कुठेच बसत नाही. तो व्यवस्थापक आहे, म्हणून बडतर्फीच्या वेळी लागू असलेल्या औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम 2(एस) मधला ‘कामगार’ नाही, आणि म्हणूनच तो दिवाणी न्यायालयात आला. पुनर्नियुक्ती मागितलीत की बेंच पहिल्याच मिनिटाला त्यागी काढेल आणि तुमची निम्मी वेळ हरलेल्या मुद्द्याचा बचाव करण्यात जाईल. उलट पहिल्याच मिनिटात ‘ही मागणी आम्ही करत नाही’ असं स्वतःहून सांगितलंत, तर उत्तरवादीच्या मेमोरियलमधली चार-पाच पानं आपोआप निकामी होतात.

मग हे अपील कशासाठी आहे? पैशासाठी. हे इतकं उघड आहे की बहुतेक संघांना ते दिसतच नाही. मूटमध्ये बेंचवर बसलं की दर वेळी हेच ऐकायला मिळतं: अपिलार्थीचा पहिला वक्ता सहा-सात मिनिटं बडतर्फी किती अन्यायाची होती हे सांगत राहतो. अहो, ते तर खालच्या कोर्टाने मान्यच केलंय! जो निष्कर्ष तुमच्या बाजूने आहे तो पुन्हा जिंकायला निघालात, तर तो डळमळीत आहे असा संशय तुम्हीच बेंचच्या मनात पेरता.

तो निष्कर्ष फक्त सांभाळायचा आहे. इथे दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 41 नियम 22 नीट वाचून ठेवा. कंपनीने अपील केलेलं नाही आणि प्रत्याक्षेपही दाखल केलेला नाही, म्हणून तिला 6 लाखांचा हुकूमनामा रद्द करून घेता येणार नाही. पण ‘कंपनीला बडतर्फीच्या मुद्द्यावर बोलताच येणार नाही’ असं म्हणू नका, ते चूक आहे. हुकूमनामा आहे तसा टिकवण्यासाठी, म्हणजे तुमची वाढीव मागणी हाणून पाडण्यासाठी, उत्तरवादीला विरुद्ध गेलेल्या निष्कर्षावर हल्ला करता येतो. बनारसी विरुद्ध राम फल (2003) या निकालात हा फरक उलगडून सांगितला आहे. त्यामुळे तुमच्याकडे दोन वाक्यांचं उत्तर तयार हवं: खंड 12 ला लेखी आरोप आणि म्हणणं ऐकणं या दोन्ही गोष्टी लागतात आणि पत्रात दोन्ही नाहीत, खंड 11 चोवीस महिन्यांनंतर उघडतो आणि बडतर्फी नवव्या महिन्यात झाली. एवढं पुरे. करारातून बाहेर पडायचे दोनच दरवाजे होते, त्या दिवशी एक बंद होता आणि दुसऱ्याची कडी कंपनीने काढलीच नाही.

आता खरी चूक. खालच्या कोर्टाचा युक्तिवाद वरवर बरा वाटतो: वैयक्तिक सेवेचा करार विशिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 14 खाली अंमलात आणता येत नाही, म्हणून तो स्वभावतःच संपवता येण्याजोगा, म्हणून चोवीस महिन्यांच्या अटीला अर्थ नाही, म्हणून तीन महिन्यांची वाजवी नोटीस धरून 6 लाख. यातलं पहिलं पाऊल बरोबर आहे, तिसरं चुकीचं आहे. कलम 14 (2018 च्या दुरुस्तीनंतरचं वाचा, जुना मजकूर पाठ करून जाऊ नका) एवढंच सांगतं की कोर्ट कोणते करार पार पाडायला लावणार नाही. करार मोडल्यावर किती पैसे द्यायचे याबद्दल ते काही बोलत नाही. तो विषय भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 73 चा. विशिष्ट अंमलबजावणी मिळत नाही, नेमकं म्हणूनच नुकसानभरपाई पूर्ण मिळाली पाहिजे. खालच्या कोर्टाने एका उपायाला असलेली मनाई हक्कालाच लावली. तुमच्या निवेदनाचा कणा हे एवढंच वाक्य आहे. ते बेंचला पहिल्या दोन मिनिटांत ऐकू आलं पाहिजे.

इथून पुढे तुमची गाठ एस. एस. शेट्टी विरुद्ध भारत निधी (एआयआर 1958 एससी 12) शी आहे. उत्तरवादी यावरच उभा राहणार. त्यात सर्वोच्च न्यायालयाने मालक-नोकर करारातल्या नुकसानभरपाईचा नियम मांडला: करार चालू राहिला असता तर नोकराने जे कमावलं असतं ते, वजा दुसरीकडे मिळालेलं किंवा मिळू शकलं असतं ते, आणि करारात नोटिशीची मुदत असेल तर सामान्यतः त्या मुदतीचा पगार. या शेवटच्या वाक्याला विद्यार्थी घाबरतात आणि निकाल वेगळा कसा ते सांगू लागतात: तो औद्योगिक निवाड्यातून आला होता, पुनर्नियुक्तीचा लाभ पैशांत कसा मोजायचा हा तिथला प्रश्न होता, वगैरे. हे सगळं खरं आहे, पण त्या वाटेने जाऊ नका. उच्च न्यायालयाच्या बेंचला सर्वोच्च न्यायालयाचं वाक्य बाजूला ठेवायला सांगणं महागात पडतं, आणि इथे गरजही नाही.

शेट्टी तुमचाच आहे, कारण त्या नियमामागचा विचार असा: मालक कायदेशीर मार्गाने लवकरात लवकर केव्हा मोकळा झाला असता? तिथपर्यंतचं नुकसान त्याने भरावं, त्यापुढचं नाही. नोटिशीचा अधिकार आजच वापरता येत असेल तर उत्तर नोटिशीच्या मुदतीएवढं येतं. पण तुमच्या करारात तो अधिकार 31 डिसेंबर 2021 ला अस्तित्वातच नव्हता. चोवीस महिने 31 मार्च 2023 ला पूर्ण होतात. कंपनीने अगदी पहिल्या दिवशी, 1 एप्रिल 2023 ला, नोटीस दिली असती तरी करार 30 जून 2023 ला संपला असता. म्हणजे 1 जानेवारी 2022 ते 30 जून 2023, अठरा महिने. 2 लाखांप्रमाणे 36 लाख. त्यातून नव्या नोकरीचे वजा करायचे: 1 ऑक्टोबर 2022 ते 30 जून 2023 हे नऊ महिने, दीड लाखाने साडेतेरा लाख. राहिले साडेबावीस लाख. सहा मिळालेत, म्हणून अपिलाची मागणी साडेसोळा लाखांची.

हा हिशेब पाठ नको, समजलेला हवा, कारण बेंच आकडे बदलून विचारतं. ‘नोकरी एप्रिल 2022 ला मिळाली असती तर?’ मग वजावट पंधरा महिन्यांची, साडेबावीस लाखांची, आणि दावा साडेतेरा लाखांवर येतो. हे न अडखळता सांगता आलं तर बेंच ओळखतं की तुम्हाला नियम कळलाय.

वजावट स्वतःहून सांगा, उत्तरवादीने काढायची वाट पाहू नका. कलम 73 च्या स्पष्टीकरणात नुकसान भरून काढायला जी साधनं उपलब्ध होती ती धरायला सांगितलंय, आणि मुरलीधर चिरंजीलाल विरुद्ध हरिश्चंद्र द्वारकादास (एआयआर 1962 एससी 366) मध्ये दोन्ही तत्त्वं शेजारी-शेजारी आहेत: पैशाने शक्य तितकं करार पाळला गेला असता त्या स्थितीत आणणं, आणि नुकसान कमी करायला वाजवी पावलं उचलणं. खटला व्यापारी मालाचा आहे, पण तत्त्व कराराच्या सर्वसाधारण कायद्याचं आहे.

सगळ्यात टोकदार प्रश्न मात्र वेगळाच आहे, आणि तो बहुधा बेंचवरचे ज्येष्ठ वकील विचारतील: ‘कंपनीने खंड 12 प्रमाणे नीट चौकशी केली असती तर महिना-दीड महिन्यात याला कायदेशीरपणे काढताच आलं असतं. मग नुकसान तेवढंच नाही का?’ यामागे इंग्लंडच्या अपील न्यायालयाचा गंटन विरुद्ध रिचमंड (1980) हा निकाल आहे. तिथे शिस्तभंगाच्या प्रक्रियेला लागला असता तेवढा काळ अधिक एक महिन्याची नोटीस, एवढीच भरपाई धरली. उत्तर असं द्या: गंटनमध्ये मालकाकडे एक महिन्याच्या नोटिशीचा मोकळा अधिकार होता, प्रक्रिया त्याआधी आडवी येत होती इतकंच. इथे नोटिशीचा अधिकार चोवीस महिने गोठवलेला आहे. आणि खंड 12 मालकाच्या मर्जीने उघडत नाही, त्याला प्रत्यक्ष गैरवर्तन लागतं. प्रॉब्लेममध्ये गैरवर्तनाचा पुरावा आला का ते शोधा. तुम्ही दिलेल्या तथ्यांत तरी ‘विश्वास उरला नाही’ यापलीकडे काही दिसत नाही. जे गैरवर्तन सिद्धच नाही त्याच्या काल्पनिक चौकशीचा काल्पनिक निकाल धरून नुकसान कमी करता येत नाही.

आता काय गाळायचं. सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट विरुद्ध ब्रजोनाथ गांगुली (1986) जवळजवळ प्रत्येक मेमोरियलमध्ये असतो, तुमच्यातही असेल. काढून टाका. तिथे सरकारी महामंडळ होतं आणि नोकर जुलमी नियमावर हल्ला करत होता. तुमचा अशील करारावर हल्ला करत नाही, करार पाळा म्हणतोय. गांगुली आणलात की ‘करारातली अट अन्यायाची म्हणून बाजूला ठेवा’ हा सूर लागतो आणि तो तुमच्याच चोवीस महिन्यांच्या अटीवर उलटतो. मानसिक त्रासाची भरपाईही सोडा. ॲडिस विरुद्ध ग्रामोफोन (1909) पासून तो दरवाजा बंद आहे आणि शेट्टीतही तेच म्हटलंय. एका खिशात शेट्टी आणि दुसऱ्यात शेट्टीने नाकारलेली मागणी, असं दोन्ही चालत नाही.

अपिलाचं स्वरूपही एका वाक्यात ध्यानात ठेवा. हे कलम 96 खालचं पहिलं अपील आहे, कलम 100 चं दुसरं अपील नव्हे. तथ्यं आणि कायदा दोन्ही खुले आहेत, ‘विधीचा सारभूत प्रश्न’ शोधत बसायची गरज नाही. पण खुलं आहे म्हणून सगळं उकरायचं असंही नाही.

मी तुमच्या जागी असतो तर सुरुवात साधारण अशी केली असती. शब्द तुमच्या तोंडात बसतील असे बदलून घ्या.

“मा. न्यायमूर्ती महोदय, अपिलार्थीतर्फे मी उभी आहे. या अपिलात वाद एका रकमेचा आहे. अपिलार्थीची बडतर्फी करारभंग करणारी होती हे खालील न्यायालयाने ठरवले आहे आणि त्याविरुद्ध कंपनीने अपील केलेले नाही. तरीही अठरा महिन्यांच्या नुकसानीसाठी अपिलार्थीला तीन महिन्यांचा पगार मिळाला. तो हिशेब कायद्याने चुकीचा आहे, एवढेच मला दाखवायचे आहे.

काय मागत नाही ते आधी सांगते. आम्ही पुनर्नियुक्ती मागत नाही. मानसिक त्रासाची भरपाई मागत नाही. पाच वर्षांचा पूर्ण पगारही मागत नाही. आमची मागणी एकूण साडेबावीस लाख रुपयांची आहे. त्यांपैकी सहा लाख मंजूर झाले आहेत.

माझी निवेदने दोन. पहिले: खालील न्यायालयाने विशिष्ट अनुतोष अधिनियमाचे कलम 14 नुकसानभरपाई मोजण्यासाठी वापरले. ते कलम अंमलबजावणीला मनाई करते. करार अधिनियमाच्या कलम 73 खालील हक्क त्याने कमी होत नाही. दुसरे: एस. एस. शेट्टी या निकालातील कसोटी आम्हाला मान्य आहे. मालक कायदेशीरपणे लवकरात लवकर केव्हा मुक्त झाला असता, हे पाहावे. या कराराच्या खंड 11 प्रमाणे ती तारीख 30 जून 2023 आहे. त्याआधीची एकही तारीख करारात सापडत नाही.

माझे सहकारी वजावट, व्याज आणि अंतिम मागणी यांवर बोलतील. न्यायालयाची परवानगी असेल तर मी थेट कराराच्या खंड 11 कडे वळते.”

हे सावकाश बोललं तरी दोन मिनिटांच्या आत बसतं. तथ्यं वेगळी सांगितलेली नाहीत हे बघा. लागणारी तथ्यं निवेदनातच आली आहेत. ‘तथ्यांचा गोषवारा सादर करू का’ असं विचारायची पद्धत काही स्पर्धांत आहे. नियमात असेल तर विचारा, पण बेंच ‘हो’ म्हणालं तर चार वाक्यांत संपवा: नेमणुकीची तारीख, दोन खंड, पत्र, निकाल.

खंड 11 वाचताना कराराचं पान बेंचला उघडायला सांगा आणि ती ओळ पूर्ण वाचा, स्वतःच्या शब्दांत सांगू नका. ‘कोणत्याही पक्षाला’ असं तिथे आहे, म्हणजे चोवीस महिने नोकरही बांधलेला होता. ‘ही अट एकतर्फी नाही का?’ या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे: कंपनीला त्या अटीचा मोबदला मिळत होता, अनुभवी माणूस दोन वर्षं सोडून जाणार नाही याची खात्री.

शेवटी, 39 लाखांचा प्रश्न येईल. पाच वर्षं पूर्ण धरली तर 1 जानेवारी 2022 ते 31 मार्च 2026 असे एक्कावन्न महिने, 1 कोटी 2 लाख. त्यातून बेचाळीस महिन्यांचे 63 लाख वजा. राहिले 39 लाख. तुमच्या संघातलं कोणी ना कोणी म्हणेल की आधी 39 मागू, मग साडेबावीसवर उतरू. माझं मत याच्या विरुद्ध आहे. 39 मागण्यासाठी कंपनीने खंड 11 कधीच वापरला नसता असं धरावं लागतं, आणि नवव्या महिन्यातच माणूस नको झालेल्या कंपनीबद्दल ते कोणी मानणार नाही. शिवाय ती मागणी शेट्टीच्या आड येते आणि मग साडेबावीसही घासाघिशीत उरलेल्या रकमेसारखे दिसू लागतात. बेंचने विचारलं, ‘पाच वर्षांचं का मागत नाही?’ तर सरळ सांगा: ‘कारण 1 एप्रिल 2023 नंतर कंपनीला नोटीस देण्याचा अधिकार होता, आणि तो आम्ही नाकारत नाही.’